साबुदाण्याचे नऊ दाणे: प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

“प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा = बिनाइन + कॅप्सूल. म्हणून छोटा छेद घ्या आणि वाटाणा सोलावा तशी गाठ बाहेर काढा, सगळी ग्रंथी कापायची गरज नाही. सुई टोचू नका, गाठ पसरते. दुखत नाही, चेहरा वाकडा नाही, म्हणजे कॅन्सर नाही. मग ऑपरेशनची घाईही नाही. परीक्षेपुरतं एवढं पुरे.”

परीक्षा जवळ आल्या की हा मजकूर कुणी ना कुणी मला पाठवतं आणि विचारतं, “मॅडम, हे बरोबर आहे ना?” यंदा तो आला त्याच आठवड्यात आमच्या ग्रॉसिंगच्या टेबलावर लाळग्रंथीतल्या याच गाठीचा एक नमुना होता. उत्तराची सुरुवात त्या नमुन्यापासूनच करते.

बाई ३८ वर्षांच्या. अकरा वर्षांपूर्वी उजव्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, बोटाखाली हलत होती. एका छोट्या रुग्णालयात तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन ती काढली. टाके गेले, व्रण पुसट झाला, चेहऱ्याला काही झालं नाही. त्या वेळचा रिपोर्ट दोन ओळींचा होता: गोल गाठ, २.२ सेंटिमीटर, आवरण शाबूत, प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. मग नवव्या वर्षी केस विंचरताना व्रणापाशी काहीतरी टोचल्यासारखं लागलं. एक दाणा, वर्षभरात त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. आमच्याकडे आला तो दुसऱ्या शस्त्रक्रियेचा नमुना होता. पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीचा उरलेला वरचा भाग, त्याच्याभोवतीची चरबी आणि जुन्या व्रणाची त्वचेची पट्टी, असं सगळं एकत्र. तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्या पाडल्या आणि मोजायला बसलो. नुसत्या डोळ्यांना नऊ दाणे दिसले. सगळ्यात मोठा ९ मिलिमीटरचा, सगळ्यात छोटा जेमतेम एकाचा. करडे, चमकदार, अर्धपारदर्शक; भिजवलेला साबुदाणा ताटात सांडावा तसे. काही ग्रंथीत, काही चरबीत, एक थेट व्रणाच्या त्वचेखाली. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी चार सापडले.

त्या नऊ दाण्यांचं कारण शोधायला आम्ही जुने ब्लॉक मागवले. मिळाले दोनच. त्यावरून नव्या स्लाइड काढल्या आणि फॉरवर्डमधल्या ‘कॅप्सूल’ या शब्दाचं खरं रूप समोर आलं.

प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाभोवती तंतुमय ऊतींचं आवरण असतं हे खरं. पण ते नारळाच्या करवंटीसारखं सगळीकडे सारखं नसतं. दुधावरच्या सायीसारखं असतं म्हणा: कुठे जाड, कुठे पातळ, कुठे फाटून खालचं दूध उघडं. गाठीचा पृष्ठभागही चेंडूसारखा गुळगुळीत नसतो. आल्याच्या कंदाला बाजूने बोंडं फुटतात तशी तिला बोंडं फुटलेली असतात; त्यांना आपण स्यूडोपोडिया म्हणतो. काही बोंडं आवरणाला पुढे ढकलतात, काही त्यातून आरपार जातात. काही ठिकाणी मुख्य गाठीपासून वेगळी दिसणारी छोटी गाठुळी आवरणाच्या बाहेर, चांगल्या ग्रंथीत बसलेली असते. तिला सॅटेलाइट नोड्यूल म्हणतात. सलग चकत्या काढत गेलं, तर असं बरंचसं ‘वेगळं’ गाठुळं मूळ गाठीला बारीक देठाने जोडलेलंच निघतं. गाठीत मिक्सॉइड भाग जितका जास्त, तितकं आवरण पातळ किंवा गायब असण्याची शक्यता जास्त. आमच्या जुन्या स्लाइडवर नेमकं हेच होतं. तीन बाजूंनी आवरण व्यवस्थित, चौथ्या बाजूला ते संपलेलं आणि तिथे निळसर मिक्सॉइड भागाचं बोंड थेट कापलेल्या कडेपर्यंत आलेलं. त्या कडेला पॅरोटिडची एकही ॲसिनस नव्हती. म्हणजे सर्जनने गाठीच्या अंगालगतच बोट फिरवलं होतं, आणि बोंडाचं टोक आतच राहिलं होतं.

इथे मिक्सॉइड या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण गाठ परत येण्याचं अर्धं रहस्य त्यात आहे. ताज्या नमुन्यात हा भाग चिकट, बुळबुळीत, जेलीसारखा असतो. मायोएपिथेलियल पेशी त्या जेलीत सुट्या सुट्या किंवा छोट्या पुंजक्यांनी तरंगत असतात. आवरणाला चीर गेली की जेली बाहेर येते आणि पेशींना सोबत घेऊन येते. सर्जनच्या बोटाला, कापसाला, जखमेच्या तळाला लागते. या पेशी गरीब जमिनीत तगणाऱ्या रोपासारख्या असतात. चरबीत, स्नायूवर, व्रणात कुठेही रुजतात आणि सावकाश वाढतात. म्हणून गाठ परत येते ती एक मोठी गाठ होऊन नाही, बहुतेक वेळा पुष्कळ दाणे होऊन येते. आणि वर्षांनी येते: अनेकदा सात-दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही. तोवर पहिला सर्जन ‘माझ्या सगळ्या केस उत्तम आहेत’ असं मनापासून म्हणत असतो, आणि त्याच्या हाती तरी त्याविरुद्ध पुरावा नसतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गाठ सर्रास सोलूनच काढत. तेव्हाच्या रुग्णमालिकांमध्ये परत येण्याचं प्रमाण २० ते ४५ टक्क्यांपर्यंत सापडतं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटे की ही गाठ मुळातच ग्रंथीत अनेक जागी एकाच वेळी उगवते. १९५८ साली इंग्लंडमधल्या पेटी या सर्जनने आणि थॅकरे या पॅथॉलॉजिस्टने पॅरोटिड काढलेल्या नमुन्यांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यांच्या मते दोष अनेक जागी उगवण्याचा नव्हता. आवरणाबाहेर गेलेली बोंडं मागे राहणं आणि गाठ फुटून सांडणं हे कारण होतं. शस्त्रक्रियेचं तत्त्व त्यातून बदललं: गाठीला हात न लावता तिच्याभोवतीच्या चांगल्या ग्रंथीसकट ती काढायची. वरच्या लोबमधल्या गाठीसाठी वरची पॅरोटिड, चेहऱ्याची नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, शोधून आणि सांभाळून, काढायला लागले तेव्हा परत येण्याचं प्रमाण साधारण १ ते ४ टक्क्यांवर आलं. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी हे विसरू नये की ऑपरेशन बदललं ते स्लाइडवर दिसलेल्या गोष्टीमुळे.

  

चेहऱ्याची नस पॅरोटिडच्या मधून जाते. तिच्या बाहेरच्या बाजूच्या भागाला वरचा लोब म्हणायचं, आतल्याला खोल लोब; दोघांमध्ये खरा पडदा नाही, नसच आपली सीमारेषा. कानासमोरून पाळीला वळसा घालून मानेत उतरणारा छेद घेतात तो याच नसेसाठी. कानाच्या कूर्चेचं टोक, डायगॅस्ट्रिक स्नायूचा मागचा भाग अशा खुणांवरून नसेचं खोड आधी शोधतात आणि मग फांद्यांच्या मागोमाग ग्रंथी उचलत जातात. तीन सेंटिमीटरच्या छेदातून गाठ सोलणारा माणूस नस न बघता काम करत असतो. पहिल्या वेळी बहुधा निभावतं, कारण तो गाठीच्या अगदी अंगाला चिकटून असतो. किंमत दुसऱ्या वेळी मोजावी लागते. आमच्या बाईंची खालच्या ओठाला जाणारी बारीक फांदी व्रणात गुरफटली होती आणि एक दाणा तिला चिकटून होता. सर्जनने फांदी वाचवली, पण ओठाचा उजवा कोपरा पाच महिने खाली ओढला जात नव्हता.

फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज बरेच अनुभवी सर्जन छोट्या, हलत्या, वरच्या लोबमधल्या गाठीसाठी पूर्ण वरचा लोब काढत नाहीत. गाठीभोवती दोन-तीन मिलिमीटर चांगल्या ग्रंथीचा पदर ठेवून, नसेवर नजर आणि मॉनिटर ठेवून, तेवढाच भाग काढतात. याला एक्स्ट्राकॅप्स्युलर डिसेक्शन म्हणतात आणि निवडक रुग्णांमध्ये, जाणत्या हातात, त्याचे निकाल चांगले आहेत. पण नावातच फरक आहे: आवरणाच्या बाहेरून. सोलण्यात सुरी आवरणावरून किंवा आवरणाच्या आतून फिरते. बाहेरून दोन्ही छेद सारखेच छोटे दिसतील. फरक दिसेल तो तुमच्या स्लाइडच्या कडेला, ॲसिनस आहेत की नाहीत यात.

आता तुमचं काम. नमुना आला की आधी टाक्याच्या खुणा बघा, सर्जनने वरची आणि नसेकडची बाजू सांगितली आहे का ते तपासा. नसेल सांगितली तर फोन करा. नमुना कापण्याआधी पूर्ण पृष्ठभागाला शाई लावा, नसेकडच्या बाजूला वेगळ्या रंगाची. मग त्या बाजूला काटकोनात चकत्या पाडा. गाठीच्या मधोमधचे सुंदर ब्लॉक घ्यायचा मोह होतो, कारण तिथे नळ्या, मिक्सॉइड भाग, कूर्चेसारखा भाग असं सगळं पुस्तकातल्यासारखं मिळतं. पण परत येण्याचं उत्तर कडेला असतं. आवरण पातळ दिसतंय, कुठे बोंड वर आलंय, तिथले ब्लॉक घ्या.

आणि रिपोर्टमध्ये ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ असं कार्सिनोमासारखं लिहून मोकळे होऊ नका. गाठ नसेला टेकलेली असेल तर त्या जागी सर्जनला नसेवरून आवरण उलगडून काढण्यावाचून पर्याय नसतो. वरचा लोब नीट काढलेल्या बऱ्याच नमुन्यांत एखाद्या ठिकाणी आवरण उघडं असतंच, आणि तेवढ्याने गाठ परत येतेच असं नाही. वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या लिहा: आवरण शाबूत पण शाईला टेकलेलं, आवरण नसलेला भाग शाईला टेकलेला, आवरण फाटलेलं आणि मिक्सॉइड भाग पृष्ठभागावर पसरलेला, नमुना एकसंध की तुकड्यांत आला. या चार वाक्यांचा अर्थ सर्जनसाठी चार वेगळ्या गोष्टी आहेत. अकरा वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये ‘आवरण शाबूत’ एवढंच होतं, आणि तेही नुसत्या डोळ्यांनी बघून लिहिलेलं.

सुईबद्दलचं वाक्य एका खऱ्या गोष्टीचं चुकीचं टोक आहे. सुरीने गाठीचा तुकडा काढणं, म्हणजे इन्सिजनल बायॉप्सी, पॅरोटिडच्या हलत्या गाठीत करत नाहीत. कारण वर सांगितलंच: आवरण उघडतं, जेली सांडते. तोंडातून टॉन्सिल आत ढकललेला दिसला आणि कुणी पू समजून छेद दिला, तर खोल लोबमधल्या गाठीचं तेच होतं. पण २३ ते २५ गेजची बारीक सुई ही वेगळी गोष्ट आहे. तिच्या वाटेवर गाठ रुजल्याचे प्रसंग अत्यंत विरळ आहेत, आणि तिच्यामुळे जे कळतं ते शस्त्रक्रियेआधी कळणं फार मोलाचं असतं.

आमच्या बाईंच्या सुईच्या स्लाइडवर काय होतं ते सांगते. गिम्सा रंगात गडद किरमिजी रंगाचा भाग, तंतुमय, कडा पिंजलेल्या लोकरीसारख्या विस्कटलेल्या. पेशी त्या लोकरीत गुंतलेल्या, एकेकट्याही पडलेल्या. केंद्रक एका बाजूला, प्लाझ्मा पेशीसारख्या दिसणाऱ्या. हे चित्र पाहिलं की निदान जवळजवळ हातात येतं. आता याच्या शेजारी ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाची स्लाइड मनात ठेवा. किरमिजी रंग तिथेही असतो, पण तो काचेच्या गोळीसारखा: गोल, एकजिनसी, कडा कापल्यासारखी स्वच्छ. पेशी गोळीच्या बाहेर कडं करून उभ्या असतात, आत शिरत नाहीत. केंद्रकं गडद आणि पेशीरस जवळपास नाहीच. रंग पाहून उत्तर देणारा विद्यार्थी इथे फसतो. कडा पाहा, आणि पेशी आत आहेत की बाहेर ते पाहा. अडचण अशी की पेशींची दाटी असलेल्या, कमी मिक्सॉइड भागाच्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमात हा फरक कधी कधी सुईवर ठरवताच येत नाही. त्यासाठी २०१८ साली आलेल्या मिलान पद्धतीत वेगळा कप्पा आहे: ‘गाठ नक्की, पण बिनाइन की मॅलिग्नंट हे सांगता येत नाही’. या कप्प्यातल्या गाठींपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश शेवटी कॅन्सर निघतात. ‘बिनाइन गाठ’ या कप्प्यात हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. पहिल्या कप्प्यात टाकलंत तर सर्जन पदर थोडा रुंद ठेवेल, नसेबद्दल रुग्णाशी आधी बोलून घेईल. म्हणून खात्री नसेल तिथे हा कप्पा वापरायला संकोच करू नका.

सुईचं एक खरं नुकसान मात्र आहे, आणि ते आपल्या वाट्याला येतं. टोचल्यावर गाठीचा काही भाग कधी कधी मरतो; कडेच्या पेशी स्क्वेमस रूप घेतात, मध्ये रक्त आणि नेक्रोसिस दिसतं. हिस्टोपॅथॉलॉजीत ते पाहून म्युकोएपिडर्मॉइड किंवा स्क्वेमस कार्सिनोमा लिहिण्याची चूक होऊ शकते. सुई कधी टोचली ती तारीख मागणीपत्रावर नसेल, तर विचारून घ्या.

दुखणं आणि चेहरा वाकडा होणं याबद्दल फॉरवर्डने वाट उलटी पकडली आहे. पॅरोटिडमध्ये गाठ आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा, असं आलं तर ती कॅन्सर धरूनच चाला. बिनाइन गाठ कितीही मोठी झाली तरी नस ताणते, सहसा लुळी करत नाही. पण पॅरोटिडच्या कॅन्सरमध्ये निदानाच्या वेळी चेहरा लुळा असलेले रुग्ण साधारण १० ते २० टक्केच असतात. उरलेल्या मोठ्या गटात चेहरा सरळ असतो. लाळग्रंथींच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा, त्याचा कमी दर्जाचा प्रकार, वर्षानुवर्षं मऊ, न दुखणारी, हलणारी गाठ म्हणून राहतो. सुई टोचली तर नुसता पातळ श्लेष्मा येतो. पेशी नाहीत म्हणून ‘साधी सिस्ट’ लिहिण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण लाळग्रंथीतल्या गाठीतून नुसता श्लेष्मा येणं हे स्वतःच संशयाचं कारण आहे. मिलान पद्धतीतही तो अनिश्चित कप्प्यातच जातो.

आणखी एक गोष्ट चेहऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते: गाठ कोणत्या ग्रंथीत आहे. ग्रंथी जितकी लहान, तितकी गाठ कॅन्सर असण्याची शक्यता जास्त. पॅरोटिडमधल्या पाच गाठींतल्या चारेक बिनाइन असतात, जबड्याखालच्या ग्रंथीत जवळपास निम्म्या मॅलिग्नंट, जिभेखालच्या ग्रंथीत तर बहुतेक. टाळूवर, मधल्या रेषेच्या एका बाजूला, गुळगुळीत अस्तराखाली दिसणारी न दुखणारी गाठ प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा असू शकते आणि ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाही. तिथे आवरण बहुधा नसतंच, म्हणून वरचं अस्तर आणि हाडावरचं आवरण यांसकट काढतात. जबड्याखालच्या ग्रंथीत गाठ निघाली तर पूर्ण ग्रंथी काढतात. तिथे सोलण्याचा प्रश्नच येत नाही. धूम्रपान करणाऱ्या वयस्कर माणसाच्या पॅरोटिडच्या खालच्या टोकाला, कधी दोन्ही बाजूंना, मऊ गाठ असेल तर वॉर्थिन ट्यूमरचा विचार आधी करा. तो सहसा कॅन्सर होत नाही, आणि वयस्कर माणसात कधी कधी नुसता बघत राहणंही चालतं.

‘घाई नाही’ हे मात्र प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाला लागू करता येत नाही. आज-उद्या ऑपरेशन करा असं कुणी म्हणत नाही. महिना-दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. अतिवृद्ध, हृदय कमकुवत, भूल धोक्याची असेल तर न काढण्याचा निर्णयही योग्य असू शकतो. पण तिशीतल्या माणसाला ‘राहू दे’ सांगणं म्हणजे त्याला पुढची तीस वर्षं या गाठीसोबत जगायला सांगणं. ती थांबून राहत नाही. तिच्यातून कार्सिनोमा निघण्याची शक्यता वर्षांबरोबर चढते: नेहमी सांगितला जाणारा आकडा पहिल्या पाच वर्षांत दीड टक्का, पंधरा वर्षांनंतर साडेनऊच्या आसपास. ठराविक कहाणी अशी असते: ‘गाठ वीस वर्षं होती, तीन महिन्यांत एकदम वाढली.’ हे वाक्य मागणीपत्रावर असेल तर ग्रॉसिंगचा बेत बदला. पांढरट, कडक, व्रणासारखा भाग शोधा, कॅल्शियम साठलेली जागा शोधा. जुनी गाठ बहुधा तिथेच, हायलिन होऊन, सांगाड्यासारखी उरलेली असते आणि कार्सिनोमा, बरेचदा सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा, तिच्या कडेने चालत गेलेला असतो. जितके ब्लॉक घेता येतील तितके घ्या. कारण कार्सिनोमा आवरणाच्या आत आहे, आवरणाबाहेर किंचित गेला आहे, की दूरवर घुसला आहे, यावर रुग्णाचं पुढचं आयुष्य बदलतं. आतच असेल तर तो जवळजवळ बिनाइन गाठीसारखा वागतो.

आणि ‘बिनाइन’ या शब्दाला शेवटची मर्यादा: वारंवार परत आलेली प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा क्वचित हाडात किंवा फुफ्फुसात सापडते, आणि तिथे तिची स्लाइड तंतोतंत मूळ गाठीसारखीच, कुठेही कॅन्सरचं लक्षण नसलेली असते. हे फार दुर्मीळ आहे. पण जुन्या इतिहासाशिवाय हाडातली ती बायॉप्सी वाचली तर कूर्चेची गाठ समजून पुढे जाल.

बाईंच्या तेरा दाण्यांपैकी एकातही कार्सिनोमा नव्हता. प्रत्येक दाणा पूर्ण ब्लॉकमध्ये घातला, म्हणून हे खात्रीने लिहिता आलं. दोन दाणे नसेच्या बाजूच्या शाईला टेकलेले होते, तेही रिपोर्टमध्ये जागेसकट लिहिलं. ट्यूमर बोर्डाने किरणोपचाराचा विषय मांडला. बाईंचं वय आणि दाण्यांची संख्या दोन्ही बघून, आत्ता नको, दरवर्षी एमआरआय करू, असं ठरलं. एमआरआयमध्ये पाण्यासारखा उजळणारा प्रत्येक ठिपका मोजला जाणार आहे, वीस वर्षं तरी. जुन्या ब्लॉकवरून काढलेल्या त्या चौथ्या बाजूच्या स्लाइडवर मी निळ्या पेनने एक टिंब केलं आहे आणि ती शिकवण्याच्या पेटीत ठेवली आहे. पुढच्या वेळी फॉरवर्ड पाठवण्याआधी येऊन बघा. दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली आवरण कुठे संपतं ते स्वच्छ दिसतं.